सगळं दिलंय, पण सापडत नाही

पत्र

वॉशिंग मशिन १२ मार्च २०२२ ला घेतलं, वॉरंटी दोन वर्षांची. २६ फेब्रुवारी २०२४ ला पाणी गळायला लागलं म्हणून हेल्पलाइनला फोन केला. २ मार्चला मेकॅनिक येऊन दाराचं रबर बदलून गेला. तीन दिवसांत पुन्हा गळती. त्याला व्हॉट्सॲपवर कळवलं, तर 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणाला आणि उगवला २० मार्चला. ९ एप्रिलला आणखी एकदा आला. शेवटी २२ एप्रिलला कंपनीचा मेल, की तक्रार २० मार्चची आहे, वॉरंटी ११ मार्चला संपली, दुरुस्तीचे पैसे भरा. मी तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज केला आणि हाताशी होतं ते सगळं जोडलं, सत्तेचाळीस फायली. त्यावर उत्तर काय, तर 'अर्जातील कोणत्या मुद्द्यास कोणते कागदपत्र आधार देते ते स्पष्ट करून फाईल पुन्हा सादर करावी.' सगळं तर दिलंय! आता काय काढू, काय ठेवू, कशाला काय नाव देऊ? जोडलेल्या फायलींची यादी सोबत पाठवतोय.

उत्तर

कक्षाने तुमच्याकडे आणखी पुरावे मागितलेले नाहीत. आहेत ते कुठे आहेत, एवढंच विचारलंय. अशा फायली वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा टेबलाच्या पलीकडे काय घडतं ते आधी सांगते. वाचणारा तुमचा अर्ज समोर ठेवतो. एक वाक्य वाचतो, थांबतो आणि मनात म्हणतो, 'हे कशावरून?' मग तो कागद शोधायला जातो. तुमच्या यादीत त्याला काय दिसतं? Screenshot आणि पुढे बारा आकडे, IMG आणि चार आकडे, 'scan final 2', 'scan final 2 (1)'. तो पाच-सहा फायली उघडून बघतो. त्यात दोन वेळा तोच मेल निघतो, एकात हेल्पलाइनचं 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' छापाचं उत्तर, एकात नुसती ओली फरशी. मग तो तुम्हाला आलेलं पत्र लिहितो आणि पुढची फाईल घेतो.

म्हणून ढिगाऱ्यातून निवड करायला बसू नका. ढिगाऱ्यासमोर बसलं की प्रत्येक कागद कामाचा वाटतो. आधी वाद नेमका कुठे आहे ते बघा. मशिन तुम्ही घेतलं हे कंपनीला मान्य आहे. ते गळतं हेही मान्य आहे. कंपनीचं म्हणणं एवढंच, की तक्रार वॉरंटी संपल्यावर आली. म्हणजे तुम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत. ११ मार्चच्या आत तुम्ही गळती कळवली होती, आणि २० मार्चला मेकॅनिक ज्यासाठी आला ती हीच गळती होती, नवी नव्हे. बाकी मजकूर संदर्भापुरता.

आता अर्ज परत लिहा, छोट्या वाक्यांत, आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापाशी थांबून तोच प्रश्न स्वतःला विचारा: हे कशावरून? उत्तरात जो एक कागद येईल तो आत. एकाच गोष्टीला तीन कागद असतील तर सर्वांत जुना आणि समोरच्या पक्षाकडून आलेला निवडा. '२६ फेब्रुवारीला तक्रार केली' या वाक्याला तुमच्या फोनमधली कॉलची नोंद, कंपनीचा तक्रार क्रमांकाचा एसएमएस आणि तुम्ही नंतर पाठवलेला मेल असे तिन्ही पुरावे तुमच्या यादीत दिसतात. कॉलची नोंद फोन लागला एवढंच सांगते, काय बोलणं झालं ते नाही. मेल तुमचाच, तोही एप्रिलमधला. एसएमएस मात्र कंपनीने स्वतः, त्याच दिवशी, तक्रार क्रमांकासह पाठवलेला आहे. तो ठेवा, बाकीचे दोन घरी राहू द्या. तीन जोडले तर वाचणारा तिन्ही उघडणार आणि त्यातला कुठला महत्त्वाचा हे त्यालाच ठरवावं लागणार.

यात तुमचा सर्वांत जोरदार कागद कुठे होता, ठाऊक आहे? यादीत एकोणतिसाव्या क्रमांकावर. ५ मार्चचा व्हॉट्सॲप संदेश. मेकॅनिक रबर बदलून गेला आणि तीन दिवसांत तुम्ही त्याला परत गळती कळवली, तीही वॉरंटी शिल्लक असताना, आणि त्याने 'येतो' म्हणून उत्तर दिलं. कंपनी २० मार्च धरून बसली आहे, आणि तो दिवस उजाडला कशामुळे, तर त्यांचाच माणूस 'पुढच्या आठवड्यात' न आल्यामुळे. हे तुमच्या अर्जात एका ओळीतही नव्हतं. हा संदेश 'मेकॅनिकशी चॅट' नावाच्या नऊ स्क्रीनशॉटमध्ये मधेच कुठेतरी बुडाला होता.

या स्क्रीनशॉटबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण बहुतेक फायली इथेच घसरतात. स्क्रीनशॉटने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत: कोण, कधी, कशाच्या संदर्भात. तुमच्यात वरती नाव दिसतं 'मशिनवाला'. ते नाव तुम्ही सेव्ह केलंय, तेव्हा त्यावरून समोर कोण हे सिद्ध होत नाही. त्या संपर्काचं माहितीचं पान उघडा, तिथे नंबर दिसतो, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. २ मार्चच्या जॉब शीटवर मेकॅनिकचा हाच नंबर छापलेला असेल तर प्रश्नच मिटला. मग तारीख. संभाषण त्याच दिवशी टिपलं असेल तर वर तारखेऐवजी 'Today' येतं, दुसऱ्या दिवशी 'Yesterday', आणि आठवडाभर नुसता वार. असे स्क्रीनशॉट पुढे निरुपयोगी ठरतात. आता संभाषण परत उघडून, वरची पूर्ण तारीख चौकटीत येईल असा नवा स्क्रीनशॉट घ्या. संदेशाच्या आधीचा आणि नंतरचा एखादा संदेशही दिसू द्या. नुसतं 'परत पाणी येतंय' कापून लावलं तर वाचणारा विचारणारच, की कशातून आणि पुढे काय झालं. नऊऐवजी दोन स्क्रीनशॉट पुरतील: एकात ५ मार्चचा संदेश आणि त्याचं उत्तर, दुसऱ्यात २० मार्चपर्यंतचा पाठपुरावा. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून मात्र आपल्याकडे ठेवा आणि 'पूर्ण संभाषण मागितल्यास देऊ' असं यादीखाली लिहा.

आता एक नावडता कागद. २ मार्चच्या जॉब शीटवर खाली 'काम समाधानकारक, तक्रार नाही' असं छापलेलं असतं आणि त्याखाली ग्राहकाची सही घेतात. तुम्ही ही जॉब शीट जोडलीच नव्हती. त्यामागे बहुधा हेच कारण असावं. जोडा. तिची प्रत कंपनीकडे आहेच, ती त्यांच्या उत्तरात येणार, आणि मग 'अर्जदाराने ही का लपवली' हा नवाच प्रश्न उभा राहील. शिवाय दाराचं रबर बदलल्याची नोंद याच कागदावर आहे, आणि २० मार्चच्या जॉब शीटवर गळतीची जागा म्हणून परत दाराचं रबरच लिहिलेलं असेल तर दोन्ही गळत्या एकच हे या दोन कागदांवरूनच दिसतं. दुसऱ्या कुठल्याही कागदाने हे होणार नाही. सहीबद्दल अर्जात एक वाक्य पुरे: 'त्या दिवशी पाणी थांबलं होतं म्हणून सही केली, ५ मार्चला पुन्हा सुरू झालं.'

वॉरंटी कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. तुम्ही पुढची बाजू लावलीत, अटी मागे छापलेल्या असतात. तक्रार मुदतीत आली की दुरुस्ती मुदतीत धरायची, याबद्दल काही असेल तर ते मागेच असणार. कापलेला कागद पाहिला की कापलेल्या भागात काय होतं, याचाच विचार वाचणाऱ्याच्या डोक्यात येतो.

बाहेर काय जाईल? आपोआप येणारी उत्तरं. तुम्ही पाठवलेली सगळी स्मरणपत्रं. एकाच मेलच्या साखळीचे सहा तुकडे काढून टाका, कारण शेवटच्या मेलखाली सगळी साखळी असते, ती एकदाच लावा. समाजमाध्यमांवरच्या इतर ग्राहकांच्या तक्रारीही नकोत. वाचून समाधान मिळतं हे खरं, पण तुमच्या मशिनबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. फरशीच्या चौदा फोटोंपैकी दोन ठेवा, एक लांबून, ज्यात मशिन आणि पाणी दोन्ही दिसतं, आणि एक जवळून, ज्यात पाणी दाराच्या रबरापाशी दिसतं. फोटो फोनच्या गॅलरीतून थेट घ्या. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेला फोटो दाबून लहान होतो आणि तो कधी काढला याची फोटोतली नोंदही बहुधा निघून जाते.

क्रमाबद्दल दोन मतं आहेत. काही जण मुद्द्यांनुसार गट पाडतात, काही तारखेनुसार लावतात. मुद्दे आठ-दहा असतील तर गट बरे. तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे सगळा वाद तारखांचाच आहे, मी तारखेचा क्रम घेईन, पण एक कागद उचलून सगळ्यांच्या आधी ठेवेन: कंपनीचा नकाराचा मेल. तो तारखेने शेवटचा असला तरी आपण नेमकं कशाविरुद्ध तक्रार वाचतोय हे वाचणाऱ्याला पहिल्याच कागदावर कळतं. त्यानंतर बिलापासून सरळ पुढे. अर्जही याच क्रमाने सांगत जा, म्हणजे वाचणाऱ्याला मागे-पुढे उड्या माराव्या लागणार नाहीत.

तुमची यादी साधारण अशी होईल:

जोडपत्र १: कंपनीचा नकाराचा मेल, २२ एप्रिल २०२४. पान ४. (परिच्छेद १)
जोडपत्र २: खरेदीचं बिल, १२ मार्च २०२२. पान ५. (परिच्छेद २)
जोडपत्र ३: वॉरंटी कार्ड, दोन्ही बाजू. पान ६-७. (परिच्छेद २)
जोडपत्र ४: तक्रार नोंदवल्याचा कंपनीचा एसएमएस, २६ फेब्रुवारी २०२४. पान ८. (परिच्छेद ३)
जोडपत्र ५: जॉब शीट, २ मार्च २०२४. पान ९. (परिच्छेद ४, ७)
जोडपत्र ६: मेकॅनिकशी व्हॉट्सॲप संभाषण, ५ ते २० मार्च २०२४. संपर्काच्या माहितीसह. पान १०-१२. (परिच्छेद ५)
जोडपत्र ७: जॉब शीट, २० मार्च २०२४. पान १३. (परिच्छेद ६, ७)
जोडपत्र ८: जॉब शीट, ९ एप्रिल २०२४. पान १४. (परिच्छेद ८)
जोडपत्र ९: गळतीचे दोन फोटो, काढल्याच्या तारखेसह. पान १५. (परिच्छेद ७)

यात कुठेही 'कंपनीच्या खोटेपणाचा पुरावा' असं नाव नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या जुन्या यादीत 'फसवणूक १', 'फसवणूक २' अशी नावं होती. राग समजतो, पण नावात निष्कर्ष घातला की वाचणाऱ्याला कागद काय आहे हे कळतच नाही, तो मेल आहे की फोटो हे बघायला परत उघडावा लागतो. नावात कागदाचा प्रकार आणि कागदावरची तारीख लिहा. स्कॅन केल्याची तारीख नको. निष्कर्ष अर्जात काढा, तिथे त्याला जागा आहे. एखादा कागद तुमच्याकडे नसेलच, समजा ९ एप्रिलची जॉब शीट मेकॅनिकने दिलीच नाही, तर ती ओळ गाळू नका. 'प्रत दिली नाही, कंपनीकडे उपलब्ध असावी' असं लिहा. वाचणारा मग ती तिकडून मागवू शकतो.

पानांचे क्रमांक ही दिसायला किरकोळ गोष्ट, पण सर्वांत जास्त वेळ हीच खाते. प्रत्येक कागदाला १ पासून वेगळे क्रमांक देऊ नका. अर्जाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या फोटोपर्यंत एकच माळ चालू ठेवा. वरच्या यादीत जोडपत्र १ पान ४ वर आहे, कारण अर्ज पान १ आणि २ वर आणि यादी पान ३ वर. असं केलं की पानावर छापलेला आकडा आणि पीडीएफ उघडल्यावर पडद्यावर दिसणारा आकडा एकच राहतो. पुष्कळ लोक अर्ज आणि यादी न मोजता जोडपत्रांपासून १ सुरू करतात. मग अर्जात 'पान ९' म्हटलेलं असतं आणि वाचणारा पीडीएफमध्ये ९ टाकतो तर भलतंच पान उघडतं. दोनदा असं झालं की तो तुमच्या क्रमांकांवर विसंबणं सोडून देतो. प्रत्येक जोडपत्राच्या पहिल्या पानावर वर उजवीकडे 'जोडपत्र ५' असं कागदावरच लिहा. फायलीच्या नावावर अवलंबून राहू नका, कारण काही पोर्टल अपलोड होताच फायलींची नावं बदलून टाकतात, आणि छापून काढल्यावर नाव उरतच नाही.

मग अर्जातल्या वाक्यांत संदर्भ घाला. 'मी वेळेत वारंवार कळवलं होतं, सोबतचे पुरावे पाहावेत' या वाक्याने वाचणाऱ्याला कुठेच नेलं नाही. त्याऐवजी: '५ मार्च २०२४ रोजी, म्हणजे वॉरंटी संपायच्या सहा दिवस आधी, मी मेकॅनिकला पुन्हा गळती सुरू झाल्याचं कळवलं आणि त्याने येण्याचं कबूल केलं (जोडपत्र ६, पान ११).' पान १० वर संपर्काची माहिती आहे, संदेश ११ वर, म्हणून संदर्भ ११ चा. नुसतं 'जोडपत्र ६' लिहिलं असतं तर त्याला तीन पानं चाळावी लागली असती. त्या पानावर संदेशाशेजारी समासात एक उभी रेघ ओढा, प्रतीवर, मूळ कागदावर नव्हे. रंगीत हायलायटर नको. कृष्णधवल झेरॉक्समध्ये गडद रंगाखालची अक्षरं काळी पडतात आणि नेमकी महत्त्वाची ओळच वाचता येत नाही.

एकच पीडीएफ चालत असेल तर तीच पाठवा. प्रत्येक कागद वेगळा अपलोड करावा लागत असेल तर फायलींना अशी नावं द्या:

```
00_arj_ani_yadi.pdf
01_2024-04-22_nakar_mail.pdf
02_2022-03-12_bill.pdf
03_warranty_card.pdf
04_2024-02-26_sms.pdf
05_2024-03-02_jobsheet.pdf
```

आधीचं शून्य मुद्दाम आहे. नावं अक्षरानुसार लावणाऱ्या पोर्टलवर शून्य नसेल तर १० क्रमांक २ च्या आधी जाऊन बसतो. तुमची जोडपत्रं आज नऊच आहेत, पण कंपनीच्या उत्तरानंतर दहावं लागू शकतं. ते लागलं तर जोडपत्र १० म्हणूनच शेवटी जोडा, मग तारखेने ते मधलं का असेना. एकदा सादर केलेले क्रमांक बदलले की पहिल्या अर्जातले सगळे संदर्भ चुकतात. आणि नावं रोमन अक्षरांत ठेवा. काही पोर्टलवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

बिलावर कार्डाचा क्रमांक किंवा आणखी काही खासगी माहिती असेल तर ती झाका, पण पीडीएफवर काळा चौकोन काढून निर्धास्त होऊ नका. चौकोनाखालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो आणि माउसने निवडून कॉपी करता येतो. झाकलेलं पान छापून परत स्कॅन करा. तारीख, मॉडेल क्रमांक आणि मशिनचा अनुक्रमांक मात्र उघडे राहू द्या. जॉब शीटवरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, हे वाचणारा आवर्जून बघतो. तुम्हीही पाठवण्याआधी बघून घ्या, मेकॅनिक घाईत एखादा आकडा चुकीचा लिहून जातात. चुकला असेल तर तसं अर्जात सांगा.

पाठवण्याआधी, या भानगडीतलं काहीही माहीत नसलेल्या कुणाला तरी अर्ज आणि फाईल द्या आणि दोन प्रश्न विचारा: 'वॉरंटी संपायच्या आत मी किती वेळा कळवलं?' आणि 'ते कुठे लिहिलंय?' त्याने पान ८ आणि पान ११ वर बोट ठेवलं तर फाईल तयार आहे. तो पान उलटत बसला तर तुम्ही मदतीला धावू नका, तो कुठे अडतो ते बघा आणि तिथला संदर्भ दुरुस्त करा.

पुन्हा सादर करताना सोबत चार ओळींचं पत्र द्या, पण ते पीडीएफच्या बाहेर वेगळं ठेवा, नाहीतर पानांचे आकडे सरकतील. त्यात कक्षाच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, आणि 'ही फाईल आधीच्या फायलीऐवजी विचारात घ्यावी' हे वाक्य हवंच. नाहीतर जुन्या सत्तेचाळीस फायली आणि नव्या नऊ अशा छप्पन्न त्याच्या टेबलावर पडतील. पाठवली तीच पीडीएफ, एकही पान न बदलता, आपल्याकडे वेगळी जपून ठेवा, म्हणजे उद्या फोन आला आणि कुणी 'पान १३ वरची सही कोणाची?' असं विचारलं तर दोघांसमोर एकच पान असेल.